वास तोंडाचा की श्वासाचा?

मॅडम, मी ४१ वर्षांचा, बँकेत बसून काम. तीन आठवड्यांपूर्वी पोळी, भात, साखर, फळं सगळं बंद केलं. सकाळी दोन अंडी, रात्री चिकन किंवा पनीर आणि पालेभाजी, मधे कधीतरी मूठभर शेंगदाणे. वजन ८८ वरून ८३.५ वर आलंय. पण बायको म्हणते, तुमच्या श्वासाला नेलपॉलिश पुसायच्या पाण्यासारखा, फार पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो. दोनदा दात घासूनही जात नाही. भूक तर मेल्यासारखीच झालीय, दुपारी जेवायची आठवणही होत नाही. आईच्या मते पोटात काहीतरी बिघडलंय. मित्र म्हणतो लघवीत किटोन आले की किडनी जाते. वडील ६८ वर्षांचे, डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. माझं बघून त्यांनाही हाच आहार सुरू करायचाय. करू द्यावा का?
– एक वाचक, नाशिक

नमस्कार.

आज रात्री बायकोच्या मदतीने एक साधी परीक्षा करून बघा. तोंड घट्ट मिटून नुसत्या नाकाने श्वास सोडा आणि तिला वास घ्यायला सांगा. मग नाक चिमटीत धरून तोंडाने सोडा. दोन्ही वेळा तोच वास आला, तर तो हिरड्यांतून किंवा जिभेवरच्या पांढऱ्या थरातून येत नाही, फुप्फुसांतून येतोय, आणि फुप्फुसांत तो रक्तातून आलाय. फक्त तोंडातूनच आला तर दाताच्या डॉक्टरांची वेळ घ्या, मला लिहायची गरज नाही. मला तुमच्या बाबतीत पहिलीच शक्यता वाटते. दात-हिरड्यांचा वास कुजका असतो, अंडं नासल्यासारखा. नेलपॉलिशची आठवण तो करून देत नाही. तुमच्या बायकोच्या नाकाला दाद द्यायला हवी. नेलपॉलिश पुसायच्या बाटलीत पूर्वापार जे द्रव्य भरतात त्याचं नाव ॲसिटोन, आणि तुमच्या श्वासातही ॲसिटोनच आहे. रक्तातून येणाऱ्या वासाला ब्रश कुठून पुरा पडणार?

आता ते रक्तात आलं कुठून ते बघू.

आपल्या शरीरात साखर साठवायची जागा अगदी लहान आहे. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास साखर ग्लायकोजेनच्या रूपात राहते. स्नायूंतली साखर स्नायूंच्याच कामाची, ती ते रक्तात परत देत नाहीत. म्हणजे बाकीच्या शरीराला देण्यासाठी उरला तो यकृतातला छोटा डबा. पूर्वी तुम्ही दिवसाला पाच-सहा पोळ्या, दोन वाट्या भात आणि दोन-दोन चमचे साखरेचा तीन वेळा चहा घेत असाल असं धरते. एका मध्यम पोळीत २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, वाटीभर भातात ४० च्या आसपास. सगळं मिळून दोनशे ते सव्वादोनशे ग्रॅम रोज डब्यात पडत होते. आता पालेभाजी आणि शेंगदाण्यांतून जेमतेम १५-२० ग्रॅम पडतात. एक-दोन दिवसांत डबा खरवडून रिकामा होतो.

एरवी हृदय, स्नायू आणि बरेच अवयव चरबीवर खुशाल चालतात. पंचाईत मेंदूची होते. त्याला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम साखर लागते आणि चरबीतली आम्लं त्याला इंधन म्हणून जवळजवळ वापरता येत नाहीत. थोडी साखर यकृत प्रथिनांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून तयार करतं. पण सगळी गरज त्यातून भागवायची तर आठवड्या-दोन आठवड्यांत स्नायू झिजवावे लागतील. म्हणून शरीराने दुसरा उपाय ठेवला आहे. रक्तातली साखर कमी येऊ लागली की स्वादुपिंड इन्सुलिन कमी सोडतं. इन्सुलिन हा चरबीच्या कोठाराच्या दारावर बसलेला राखणदार समजा. तो थोडा बाजूला झाला की चरबीची आम्लं सुटून यकृतात येतात. यकृत त्यांचे तुकडे करतं, पण ते सगळे तिथल्या तिथे जाळणं त्याला जमत नाही, कारण त्या जाळण्याला जे पूरक द्रव्य लागतं ते साखर बनवण्यात गुंतलेलं असतं. मग उरलेले तुकडे दोन-दोन जोडून यकृत लहान, पाण्यात विरघळणारी इंधनं तयार करतं आणि रक्तात सोडतं. हे किटोन. मेंदूला ते चालतात. बोस्टनमध्ये जॉर्ज केहिल यांच्या गटाने १९६७ साली कित्येक आठवडे उपाशी राहिलेल्या स्थूल रुग्णांच्या मेंदूत जाणारं आणि बाहेर येणारं रक्त तपासलं, तेव्हा मेंदू आपली निम्म्याहून जास्त गरज किटोनवर भागवत होता.

किटोन तीन असतात. पहिला ॲसिटोॲसिटेट. त्यापासून बनणारा दुसरा, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, नाव लांबलचक पण कामाचा तोच मोठा, रक्तात सर्वांत जास्त त्याचंच प्रमाण असतं. हे दोन्ही खरं इंधन. तिसरा ॲसिटोन मात्र कुणी मुद्दाम बनवत नाही. ॲसिटोॲसिटेट रक्तात फिरताना त्यातला काही आपोआप मोडतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मागे ॲसिटोन राहतं. ते फार उडणारं, ५६ अंशांनाच उकळणारं. फुप्फुसांत रक्ताचा आणि हवेचा संबंध आला की ते हवेत निसटतं आणि दर श्वासाबरोबर बाहेर पडतं. तुम्ही काहीही खात असलात तरी श्वासात थोडं ॲसिटोन असतंच, हवेच्या दहा लाख भागांत साधारण एक भाग, त्याचा वास कुणाला येत नाही. तुमच्यासारख्या कडक आहारात ते दहा-वीस पटींनी, काहींत त्याहूनही वाढतं आणि जवळ झोपणाऱ्याला कळतं. तुम्हाला स्वतःला कळत नाही, कारण रोजच्या वासाला आपलं नाक सरावतं.

जाता जाता एक गंमत. हा वास उपवासाला यायला हवा, मग आपल्या चतुर्थी-एकादशीला का येत नाही? साबुदाण्याची खिचडी, वरी आणि रताळी म्हणजे जवळजवळ शुद्ध कर्बोदकं. खिचडीचा उपास करणाऱ्याच्या यकृतातला डबा एरवीपेक्षा जास्तच भरलेला असतो. वास येतो तो निर्जळी करणाऱ्या आजीला, किंवा तापात दोन दिवस काही न खाल्लेल्या मुलाला. मुलांचा डबा आणखीच लहान, म्हणून उलट्या होणाऱ्या पोराच्या श्वासाला असा गोडसर वास आला की जुने बालरोगतज्ज्ञ खोलीत शिरतानाच ओळखायचे.

वासाचं काय करायचं ते थोडक्यात सांगते. पहिल्या काही आठवड्यांत यकृत किटोन बनवतं जास्त आणि शरीर वापरतं त्यापेक्षा कमी, म्हणून तो तेव्हा तीव्र असतो. पुढे बऱ्याच जणांचा कमी होतो, सगळ्यांचा पूर्ण जात नाही. बडीशेप, वेलची, लवंग तासभर झाकतात, एवढंच. पाणी कमी पडलं की तोंड कोरडं होऊन खरा तोंडाचा वासही त्यात मिसळतो, म्हणून पाणी नीट प्या. बायकोला खरोखरच सहन होत नसेल तर उपाय एकच आहे, थोडी कर्बोदकं परत आणणं. दिवसाला ८० ते १०० ग्रॅमपर्यंत आलात, म्हणजे दोन पोळ्या, एक वाटी उसळ आणि एक फळ घेतलंत, तर बहुतेकांचा वास एक-दोन दिवसांत जातो. वजन उतरण्यासाठी किटोन असायलाच हवेत असं नाही. २०१८ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ लोकांना वर्षभर कमी चरबीच्या किंवा कमी कर्बोदकांच्या आहारावर ठेवलं. दोन्ही गटांचं वजन सरासरी पाच-सहा किलोंनी उतरलं आणि त्यांच्यात म्हणण्याजोगा फरक निघाला नाही.

आता भुकेकडे. आईंचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकला. पोट बिघडून भूक जाते तेव्हा अन्नाची शिसारी येते, मळमळतं. तुम्ही रात्री चिकन नीट जेवता. तुम्हाला अन्न नकोसं झालेलं नाही, त्याची आठवण होत नाही, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एरवी वजन उतरू लागलं की शरीर ते परत मिळवायची खटपट करतं. जठरातून घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक जास्त सुटतं आणि ते मेंदूला भूक लागल्याचं सांगत राहतं. कमी खाणाऱ्या माणसाला दुपारी चार वाजता वडापावच्या गाडीवरून नजर हटवता येत नाही, त्यामागे हेच असतं. मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०१३ साली एक काम प्रसिद्ध केलं. त्यांनी स्थूल लोकांना आठ आठवडे अतिशय कमी उष्मांकाच्या, किटोन तयार होतील अशा आहारावर ठेवलं. त्यांचं वजन सरासरी १३ टक्के उतरलं. इतकं उतरल्यावर घ्रेलिन आणि भूक दोन्ही वाढायला हवी होती, पण किटोन वाढलेले असेपर्यंत ती वाढली नाही. मग त्यांना हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणलं, किटोन उतरले, आणि घ्रेलिन व भूक दोन्ही वर गेली. पुढे निरोगी लोकांना किटोनचं तयार पेय पाजूनही पाहिलं गेलं, तेव्हाही काही तास घ्रेलिन आणि भूक दोन्ही उतरली. म्हणजे भूक दबण्यात किटोनचा स्वतःचा हात आहे.

सगळं श्रेय मात्र त्यांना देऊ नका. अंडी, चिकन, पनीर ही प्रथिनं पोटात जास्त वेळ राहतात. शिवाय ऑफिसात चहाबरोबर येणारी खारी, कुणाच्या वाढदिवसाचा केक, शेजारच्या टेबलावरचा चिवडा, हे सगळं तुमच्या यादीतून एकदम गेलं. दिवसातून सात-आठ वेळा काहीतरी तोंडात टाकायला जे बोलावणं यायचं, तेच थांबलं. माझ्या मते निम्मा परिणाम इथेच आहे, हे मात्र मी मोजलेलं नाही, इतक्या वर्षांत लोकांच्या खाण्याच्या वह्या वाचून वाटतं.

भूक नसण्याचा एक तोटा तुमच्या पत्रातच दिसतो. तुमच्या वजनाला दिवसाला ८० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातील. आता हिशेब करू. दोन अंड्यांची १२. रात्री शिजवलेलं चिकन १५० ग्रॅम असेल तर ४०. मूठभर शेंगदाणे खाल्लेच तर सात-आठ. पालेभाजीचे दोन-तीन. झाले साठ-बासष्ट. पण चिकनऐवजी १०० ग्रॅम पनीर असेल त्या दिवशी पनीरची फक्त १८, म्हणजे एकूण चाळीस. निम्मीच. म्हणून भूक नसली तरी दुपारी घड्याळ बघून खा. दोन बांगडे, किंवा दोन अंडी आणि थोडं पनीर, सोबत वाटीभर दही. औषधाची गोळी भूक लागली म्हणून कुणी घेत नाही, तसंच हे.

वजनाचंही एक सांगते, म्हणजे पुढे दचकायला नको. ग्लायकोजेनच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं. डबा रिकामा झाला तसं ते पाणीही गेलं. तुमच्या साडेचार किलोंपैकी दीड-दोन किलो हे असणार, बाकी मुख्यतः चरबी आणि थोडे स्नायू. ज्या दिवशी भाच्याच्या लग्नात मसालेभात आणि जिलेबी खाल, त्यानंतर दोन दिवसांत काटा दीड किलो वर जाईल. ती चरबी नसेल. पण त्या जेवणानंतर किटोन उतरतील, वास जाईल आणि भूकही परत येईल. लोक या आहारातून घसरतात ते नेमके याच दोन-तीन दिवसांत.

इन्सुलिन कमी झालं की मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकतात. पहिल्या आठवड्यात तुम्हाला डोकं दुखलं असेल, उठताना अंधारी आली असेल, रात्री पायात गोळे आले असतील, तर कारण हे. मीठ घातलेलं ताक किंवा आमसुलाचं सार घ्या. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मात्र मीठ वाढवायच्या आधी डॉक्टरांना दाब दाखवा, कारण अशा आहारात दाब आपोआप उतरतो आणि गोळीच जास्त होऊ शकते.

आता मित्राची किडनी. लघवीत किटोन येणं म्हणजे रक्तात ते वाढल्याची खूण. मूत्रपिंडं त्यामुळे खराब होत नाहीत, ती फक्त उतू गेलेलं बाहेर टाकतात. ज्यांची मूत्रपिंडं आधीच अधू आहेत त्यांनी हा आहार आपल्या मनाने करू नये, आणि मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनीही विचारावं, पण त्याचं कारण वेगळं आहे. औषधाच्या दुकानात मिळणारी लघवीची पट्टी तुम्ही वापरली असेल तर ती फिकट गुलाबीपासून जांभळ्यापर्यंत रंग दाखवते. तिची खोड अशी की ती फक्त ॲसिटोॲसिटेट ओळखते, मुख्य किटोन तिला दिसतच नाही. शिवाय पाणी जास्त प्यायलात की रंग फिका, कमी प्यायलात की गडद. त्या रंगावर आनंद मानू नका आणि घाबरूही नका. खरा आकडा बोटाच्या थेंबावर किटोन मोजणाऱ्या मीटरवर मिळतो. नेहमीच्या जेवणावर तो अर्ध्याच्या खाली असतो, तुमच्यासारख्या आहारात साधारण ०.५ ते ३ मिलिमोलच्या दरम्यान.

तीनच्या वर काय होतं, हा प्रश्न तुमच्यासाठी फारसा महत्त्वाचा नाही. तुमच्या वडिलांसाठी तो जिवाचा आहे.

१८५७ साली प्रागमध्ये विल्हेल्म पेटर्स या डॉक्टरने मधुमेहाने बेशुद्ध झालेल्या रुग्णाच्या लघवीत ॲसिटोन ओळखलं. तेव्हापासून अनेक पिढ्यांच्या डॉक्टरांना हा वास म्हणजे मरणाची चाहूल वाटायचा. आणि १९२१ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी हेच किटोन मुद्दाम वाढवणारा आहार अपस्मार असलेल्यांसाठी सुचवला. तो आजही औषधांना दाद न देणाऱ्या फिट्स असलेल्या मुलांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिला जातो. रसायन एकच, मग एकीकडे विष आणि दुसरीकडे उपचार कसा? फरक आहे तो कोठाराच्या दारावरच्या राखणदारात.

तुमच्या शरीरात इन्सुलिन कमी झालंय, संपलेलं नाही. किटोन फार वाढू लागले की तेच स्वादुपिंडाला थोडं इन्सुलिन सोडायला लावतात आणि चरबी सुटण्याला आळा घालतात, त्यामुळे आकडा एका मर्यादेत राहतो. कित्येक आठवडे उपाशी राहिलेल्या निरोगी माणसातही तो सहा-सातच्या आसपास थबकतो. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन जवळजवळ नसतंच. चरबी सुटत राहते, यकृत किटोन करत राहतं, आकडा दहा-पंधरा-वीसवर जातो. किटोनपैकी दोन मोठे मुळात आम्लं आहेत. रक्तातला आम्लाला सावरणारा साठा संपला की रक्तच आम्लधर्मी होतं. हा कीटोॲसिडोसिस. उलट्या, पोटात दुखणं, तहान, खोल आणि भराभर चालणारा श्वास, गुंगी. दोन्हीकडे वास तोच येतो, पण तुम्ही ऑफिसला जाता आणि तो माणूस उठून बसू शकत नाही.

तुम्ही म्हणाल, वडिलांना टाइप २ आहे, इन्सुलिन घ्यावं लागत नाही, म्हणजे शरीरात ते आहे. खरं आहे. माझी भीती त्यांच्या गोळ्यांची आहे. त्यांच्या पट्ट्या उलट्या करा आणि मागे लहान अक्षरांत लिहिलेली औषधांची मूळ नावं वाचा. शेवट ‘ग्लिफ्लोझिन’ असा आहे का ते शोधा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन. बहुतेकदा ती मेटफॉर्मिनबरोबर किंवा आणखी एखाद्या औषधाबरोबर एकाच गोळीत असतात, म्हणून वरच्या मोठ्या नावावरून कळत नाही. ही वाईट औषधं नाहीत, हृदयाला आणि मूत्रपिंडांना त्यांचा चांगला आधार मिळतो. पण ती साखर लघवीवाटे काढून टाकतात. म्हणजे वडील पोळी-भात खात असतानाच त्यांच्या यकृतातल्या डब्याला खालून भोक पाडलेलं आहे. त्यात वरून कर्बोदकं बंद केली की डबा झपाट्याने रिकामा, इन्सुलिन आणखी खाली, किटोन वर. आणि सगळ्यांत फसवं असं की घरच्या मीटरवर साखर १४०-१६० अशी सभ्य दिसते. घरचे म्हणतात साखर तर छान आहे, उलट्या ॲसिडिटीच्या असतील. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या गटातल्या औषधांबद्दल असा इशारा २०१५ सालीच दिला आहे.

म्हणून ग्लिफ्लोझिन असेल तर हा आहार सुरू करू नका, आणि गोळीही आपल्या मनाने बंद करू नका. पट्ट्या घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि नेमकं विचारा, ‘कर्बोदकं कमी करायची आहेत, ही गोळी बदलायची का, आणि आहाराच्या किती दिवस आधी?’ पट्टीवर ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड दिसलं तर धोका उलट्या बाजूचा. ती औषधं इन्सुलिन सोडायला लावतात, ताटात पोळी नसेल तर साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, भोवळ येऊ शकते. त्यांचा डोस आहार बदलायच्या आधीच कमी करून घ्यावा लागतो. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर गोष्ट बरीच सोपी, तरी ६८ व्या वर्षी मूत्रपिंडांची तपासणी करूनच. आणि तेव्हाही तुमच्याइतकं कडक नको, दोन पोळ्या आणि वाटीभर उसळ ताटात राहू द्या.

ग्लिफ्लोझिन घेणाऱ्या माणसाला मळमळ, उलटी, पोटात दुखणं किंवा धाप यांपैकी काहीही झालं तर साखरेचा आकडा कितीही चांगला असो, त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन रक्तातले किटोन मोजायला सांगा. दीडच्या वर असेल तर घरी थांबायचं नाही. लघवीची पट्टी इथे खोटा धीर देते, कारण आजार वाढतो तसं तिला न दिसणाऱ्या किटोनचंच प्रमाण वाढत जातं.

तुमच्यापुरतं, तुम्हाला मधुमेह नाही आणि यांपैकी कुठलीही गोळी नाही असं मी धरून चालले आहे. तसं असेल तर वास आणि भूक या दोन्हींवर औषध नको. दारू मात्र या काळात रिकाम्या पोटी नको, ती यकृताचं साखर बनवणं थांबवते. तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल तपासा, काहींचं एलडीएल या आहारात बरंच चढतं.

आणि वडील नवरात्रात नऊ दिवस फक्त पाण्यावर किंवा ताकावर राहत असतील, तर डॉक्टरांकडे जाल तेव्हा तेही सांगा. गोळीला आहार आणि उपास यांतला फरक कळत नाही.